एका पानातली रिठी

प्रमिलाबाई थूल यांनी काढलेले पान ज्यांनी वाचले, त्यांतील बहुतेकांना प्रमिलाबाई माहीत नव्हत्या. त्यात वावगे काही नव्हते. कार्यालयीन कागदावर काढणाऱ्याचे नाव उजव्या कोपऱ्यात, सर्वांत लहान अक्षरांत असते, आणि ती अक्षरे प्रमिलाबाई स्वतःच, हाताशी असलेल्या सर्वांत बारीक निबेने लिहीत.

खेड्यांच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या वर्ध्याच्या जिल्हा कार्यालयात त्या अनुरेखक होत्या. अभियंत्यांनी पेन्सिलीने काढलेली रेखाचित्रे पारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायची आणि मग त्यांच्या अमोनिया प्रती काढायच्या, हे त्यांचे नेमून दिलेले काम. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून सतत पाणी वाहे. नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला वाटे, या बाई कोणासाठी तरी रडत आहेत. जुने लोक त्याला सांगत, काही नाही, प्रती निघत आहेत.

वार्षिक अहवालाशी त्यांचा संबंध आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. खात्याचा अहवाल चांगला दोनशे पानांचा असे. आठही गटांच्या विहिरी, हातपंप, झालेला खर्च, राहिलेली कामे, दुरुस्त्या, आणि मागे परिशिष्टांची रांग. नागपूरला विभागीय बैठकीत तो ठेवला जाई. एका वर्षी तेथील नव्या वरिष्ठ अधिकाऱ्याने तो हातात घेऊन तोलला आणि परत केला. “चहा निवेपर्यंत जेवढे वाचून होते तेवढेच मी वाचतो,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी एक पान द्या.”

एक पान देणे सोपे वाटते. कार्यालयाने पहिल्या वर्षी सर्व तक्ते दाटीने टंकलिखित करून एका पानावर बसवले. ते पान वाचण्यासाठी भिंग लागले असते. दुसऱ्या वर्षी कार्यकारी अभियंता सदाशिवराव वैद्य यांनी ते काम प्रमिलाबाईंच्या टेबलावर आणून ठेवले. बाईंच्या हाताला सुबकपणा होता, एवढेच कारण. पण प्रमिलाबाईंनी काम हाती घेताना एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्यांच्या पुढील आयुष्याचा आकार त्या प्रश्नाने ठरवला.

“हे पान वाचून झालं की मोठे साहेब काय करणार?”

वैद्यसाहेब म्हणाले, “करणार म्हणजे, ठरवणार. बोरिंगची गाडी कुठे पाठवायची, पैसा कुठे वळवायचा, कोणाला झापायचं.”

“मग तेवढंच पानावर ठेवू.”

त्यातून गोषवाऱ्याची जी घडण तयार झाली ती पुढे अनेक वर्षे टिकली. वर तीन मोठे आकडे: वर्षाचे लक्ष्य, साध्य, आणि शेजारी मागच्या वर्षीचे साध्य, कारण एकटा आकडा काहीच सांगत नाही, तो कशाच्या तरी शेजारी उभा करावा लागतो. डावीकडे गटवार खर्चाचे उभे पट्टे. उजवीकडे हातपंप: किती बसवले, किती चालू, किती बंद, दुरुस्तीला सरासरी किती दिवस. मधोमध जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर गावागावाचा ठिपका. आकड्यांना आणि पट्ट्यांना तीन रंग: लक्ष्याच्या नव्वद टक्क्यांवर हिरवा, पंचाहत्तरच्या वर पिवळा, त्याखाली लाल. नकाशावर मात्र रंग दोनच, पाणी पोचले तिथे हिरवा आणि राहिले तिथे लाल. प्रती निघाल्यावर हे रंग त्या प्रत्येक प्रतीवर हाताने भरीत. तळाशी एक चौकट, ‘निर्णय आवश्यक’ अशा मथळ्याची. तीत तीनपेक्षा अधिक ओळी नाहीत. आणि सर्वांत कडक नियम हा, की पानावरच्या प्रत्येक विधानाला मूळ अहवालाचा पृष्ठ क्रमांक जोडलेला असला पाहिजे. जे अहवालात नाही ते पानावर नाही.

पान यशस्वी झाले. इतर जिल्ह्यांना त्याचा नमुना पाठवण्यात आला. सांख्यिकी सहायक चंद्रभान ताकसांडे, ज्यांच्या हाताखाली अहवालाचे सगळे तक्ते तयार होत, ते प्रमिलाबाईंच्या टेबलाशी येऊन म्हणत, “बाई, तुमच्या कागदानं आमचा अहवाल मारून टाकला. पहिले निदान कोणी पानं तरी उलटवत होतं. आता बांधणी पण कोणी सोडत नाही.”

“मग तुम्ही काऊन एवढा मोठा लिहिता?”

“पृष्ठ क्रमांक पाहिजे ना तुम्हाले!”

हा विनोद होता, आणि दोघेही त्यावर हसत. तथापि ज्या गोष्टीवर ते हसत होते ती खरी होती. पूर्वी अहवाल चाळताना एखाद्या अधिकाऱ्याचे बोट कुठेतरी अडे आणि तो विचारी, हे काय आहे? बोट अडण्याची ती शक्यता पानाने संपवली. पान उत्तम होते म्हणूनच ते घडले.

*

आता रिठीविषयी. आपल्याकडे महसुली दप्तरात अशी कितीतरी गावे आहेत, ज्यांना नाव आहे, शीव आहे, नकाशात आकार आहे, पण माणूस नाही. कधीकाळी साथीने, पाण्याअभावी, कुठल्याशा विसरलेल्या भीतीने ती ओस पडली. दप्तर त्यांना विसरत नाही. नावापुढे कंसात ‘रिठी’ लिहून जपून ठेवते, आणि लोकसंख्येच्या रकान्यात ‘निरंक’ असा शब्द भरते. पाणीपुरवठ्याच्या नकाशात रिठीला ठिपका नसतो. जिथे तहान नाही तिथे लाल काय आणि हिरवे काय! त्यामुळे प्रमिलाबाईंच्या नकाशात काही जागा पहिल्यापासून पांढऱ्या राहत आल्या होत्या. इतर ठिपके दरवर्षी लालाचे हिरवे होत गेले तसतशा त्या अधिक स्पष्ट दिसू लागल्या. निदान प्रमिलाबाईंना दिसू लागल्या.

त्यांतली एक कवठधरा. सेलूकडे, डोंगराच्या पायथ्याशी, मांडवखेडीला लागून. मांडवखेडी हे प्रमिलाबाईंचे आजोळ. लहानपणी मावशा त्यांना सांगत, संध्याकाळी कवठधऱ्याकडे पाहायचे नाही, रिठीवर दिवे दिसतात. त्या वयात त्यांनी पुष्कळदा चोरून पाहिले आणि काहीच दिसले नाही. मांडवखेडीविषयी आणखी एक आठवण त्यांच्या आईची होती. छप्पन सालच्या आधी गावच्या विहिरीपाशी आई घागर घेऊन उभी राही; वरून कोणी ओतले तर पाणी, नाही तर उभे राहणे. आई हे रागाने सांगत नसे. उभे राहिल्यावर पायाखालची फरशी कशी तापे, तेवढेच सांगे. प्रमिलाबाईंनी पाणीपुरवठ्याच्या खात्यातली जागा निवडली असे म्हणता येणार नाही, ती त्यांना मिळाली. पण तिथे त्या इतक्या वर्षांत कधी उशिरा आल्या नाहीत, यात त्या फरशीचा वाटा असावा.

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत मामेभावाच्या मुलीच्या नामकरणाला त्या मांडवखेडीला गेल्या. दुपारच्या जेवणानंतर अंगणात उभ्या असताना त्यांना कवठधऱ्याच्या दिशेने धूर दिसला. एक नव्हे, चार-पाच बारीक धारा.

“मामी, रिठीवर धूर कसला?”

“भुतायचा सैपाक होऊन राह्यला,” मामी म्हणाली आणि खुदकन हसली. “दुष्काळापासून हाय तो. आता दिवे बी दिसते. जाऊ नको तिकडं.”

प्रमिलाबाई गेल्या. नाला ओलांडून, वळसा घेऊन जावे लागले. जुन्या गावठाणाच्या खुणा अजून होत्या: चिंचेचे झाड, ढासळून बुजलेली विहीर, शेंदूर उडालेला एक ओटा. आणि त्यांच्या मधोमध पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, कुडाची, मातीने लिंपलेली घरे, दहा-बारा चुलींची वस्ती. एक म्हातारी भिंत लिंपत होती. पाण्यात बोटे बुडवली की ती प्रत्येक वेळी बोटांवरचे पाणी पुन्हा गाडग्यातच निथळू देत होती, आणि प्रमिलाबाईंची नजर आधी त्या बोटांवर गेली. ती जिजाबाई.

“बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर आलतो आमी,” जिजाबाई म्हणाली. “तलाव झाला, मुकादम गेला, आमी राह्यलो. इथं कोनी हाकललं नाई. भुताच्या जागेवर कोन हाकलते?”

“आणि पाणी?”

“तलावात माघापर्यंत राह्यते. मंग मांडवखेडीची हापशी. आमचा नंबर शेवटी. आमी दिसलो की पोट्टे वरडते, भुतं आली, भुतं आली पानी भराले!” ती हसली, आणि मग हसू ओसरले. “हापशी सारखी बिघडते. बिघडली की आमच्यावर येते. म्हनते तुमीच लय हापसता. माह्यी सून दोन जिवांची हाय, बाई. वैशाखात तिनं किती वेळ उभं राहावं?”

कोणीतरी तिला सांगितले होते की या बाई बोरिंगच्या कार्यालयात असतात. निघताना ती वस्तीच्या टोकापर्यंत आली.

“तुमच्या कागदात आमचं नाव घालून पाहा ना एकडाव.”

“घालते,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

पुढे घडले ते सारे या एका शब्दाचे आहे.

*

त्या वर्षीचा गोषवारा नेहमीसारखा नव्हता. मार्चअखेर जिल्ह्यातले शेवटचे लाल ठिपके हिरवे झाले होते. साध्य शंभर टक्के. वैद्यसाहेबांची बढती जवळ आली होती आणि त्यांनी ती खरोखर कमावली होती. उन्हातान्हात जीपमध्ये फिरणारा, कंत्राटदारावर ओरडणारा, मोटारपंपाचे बिघाड स्वतः वाकून पाहणारा तो माणूस होता. शंभर टक्के याचा दुसरा अर्थ असा, की काम संपलेल्या जिल्ह्यातून बोरिंगची गाडी मेअखेर दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. कवठधऱ्याला बोअर व्हायची असेल तर ती गाडी जाण्याआधी, आणि वरच्या बैठकीत निर्णय झाला तरच.

प्रमिलाबाईंनी साहेबांना सगळे सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकले, आणि शांतपणेच नकार दिला.

“बाई, रिठीत माणसं नसतात. असली तर ती रिठी नाही. आणि रिठी नाही हे ठरवणारं खातं आपलं नाही. जनगणनेत ती कुटुंबं मांडवखेडीत मोजली गेली. मांडवखेडीला हातपंप आहे. म्हणजे त्यांना पाणी आहे.”

“एका हातपंपामागं अडीचशे माणूस धरतो आपण. तिथं त्याच्या वर जाते, साहेब.”

“शिवाय निकष पाहा. एक पूर्णांक सहा किलोमीटरच्या आत साधन असलं तर गाव समस्याग्रस्त नाही.”

प्रमिलाबाईंनी घरी जाण्याआधी नकाशावर कर्कटक लावून पाहिले. सरळ रेषेत अंतर आत बसत होते. नाल्याचा वळसा कर्कटकाला लागत नाही.

तथापि साहेब कठोर नव्हते. दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन टेबलाशी आले. “अहवालात काही आधार आहे का? असेल तर तळाच्या चौकटीत एक ओळ देऊ. आधाराशिवाय मी वर काही नेणार नाही.”

आधार चंद्रभानजींना माहीत होता. त्यांनीच तो टंकलिखित करून घेतला होता. दुरुस्त्यांच्या परिशिष्टात, मांडवखेडीच्या हातपंपासमोर, शेऱ्याच्या रकान्यात उपअभियंत्याने लिहिले होते: ‘वारंवार बिघाड. लगतच्या रिठीवरील कुटुंबांच्या वापरामुळे भार अधिक.’ संपूर्ण अहवालात कवठधऱ्याची माणसे होती ती एवढीच, आणि तीही एका पंपाच्या आजाराचे कारण म्हणून.

“घ्या, पृष्ठ क्रमांक मिळाला तुमाले,” चंद्रभानजी म्हणाले. “म्हणून लिहितो मी एवढा मोठा.”

त्या ओळीवर तिघे बसले. प्रमिलाबाईंना लिहायचे होते की रिठीवर स्वतंत्र बोअर द्यावी. साहेब म्हणाले, निर्जन गावासाठी बोअर मागितली की पहिला आक्षेप तिथेच येईल आणि विषय मरेल. प्रश्न मांडा, उपाय वरून येऊ द्या. हाच तर तुमचाही नियम आहे, बाई. आणि खरोखरच तो प्रमिलाबाईंचा नियम होता. चौकटीत उपाय लिहिले की वरिष्ठांना आपल्याला शिकवल्यासारखे वाटते, हे त्यांनीच नव्या लोकांना सांगितले होते. लाल ठिपक्याविषयीही तसेच. तो कवठधऱ्यावर देता येत नव्हता, तेथे देण्यासाठी गावच नव्हते. तो पंपावर, म्हणजे मांडवखेडीवर देण्याचे ठरले. सगळ्या हिरव्यात एकच लाल. डोळा तिथे जाणारच.

मग ओळीची लांबी. चौकटीत मावेल इतकीच. शेऱ्यातला ‘कुटुंबांच्या’ हा शब्द काही केल्या बसेना. प्रमिलाबाईंनी तो काढला. ‘मौजा मांडवखेडी हातपंप: रिठीकडील वापरामुळे जादा भार, वारंवार बिघाड, उपाय आवश्यक.’ पुढे पृष्ठ क्रमांक. ओळ चौकटीत नेमकी बसली. तिन्ही माणसांना तिचा अर्थ माहीत होता, आणि म्हणून तिघांपैकी एकालाही ती माहीत नसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचता आली नाही.

*

बैठक मेच्या पहिल्या आठवड्यात झाली. वैद्यसाहेब नागपूरहून परतले तेव्हा त्यांचे अभिनंदन करण्यास कर्मचारी जिन्यापाशी जमले होते. त्यांनी सर्वांचे हात हातात घेतले. प्रमिलाबाईंशी ते संध्याकाळी, कचेरी रिकामी होत असताना बोलले.

“लाल ठिपका त्यांना लगेच दिसला. पान चांगलं आहे म्हणाले. एवढं सगळं हिरवं असताना एक पंप बाहेरच्या लोकांमुळे बिघडतो, तर बाहेरचा वापर बंद करा, म्हणाले. लिहून घेतलं गेलं. मी बोलणार होतो, बाई. पण तोवर पुढच्या जिल्ह्याचं पान समोर आलं होतं.”

कार्यवृत्त आले, आणि त्याच्या आधारे पत्र गेले. त्याची भाषा निर्दोष होती. मौजा मांडवखेडी येथील हातपंपावरील बाहेरील व्यक्तींचा वापर तात्काळ बंद करून हातपंप सुस्थितीत ठेवण्याची दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावी. चंद्रभानजींनी ते जावक नोंदीसाठी आलेले पाहिले आणि प्रमिलाबाईंच्या टेबलावर आणून ठेवले. नेहमीसारखे ते काही बोलतील म्हणून शेजारचा कारकून मान वर करून थांबला. चंद्रभानजी आपल्या जागेवर जाऊन बसले.

प्रमिलाबाईंनी साहेबांकडे फेरविचाराची टिपणी दिली. ती साहेबांनी सही करून वर पाठवली, तहसिलीकडून वस्तुस्थिती मागवण्यात आली, आणि तहसिलीने दप्तर पाहून कळवले: कवठधरा (रिठी), लोकसंख्या निरंक. हे उत्तर आले तेव्हा बोरिंगची गाडी जिल्ह्याबाहेर गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी त्या मांडवखेडीला गेल्या. हापशीच्या दांड्याला साखळी होती आणि साखळीला कुलूप. सरपंच रूपराव पिंपळाखाली बसले होते. प्रमिलाबाईंच्या मामांचे ते मित्र.

“ये प्रमिला, बस. पाह्यलं का, नागपूरच्या मिटिंगमध्ये आपल्या गावाचं नाव निघालं!”

“कुलूप काऊन लावलं, रूपरावकाका?”

“मले काय हौस हाय? गाव कवापासून म्हणत होतं, लावा कुलूप, लावा कुलूप. मीच थोपवून धरलं होतं. म्हणलं, सरकारी हापशी हाय, सरकार इचारन. आता सरकारचंच पत्र आलं. कोन्या तोंडानं नाई म्हणू?” त्यांनी पैरणीच्या खिशातून पत्र काढून त्यांच्यासमोर धरले. “सकाळी गावाचं भरून झालं की किल्ली लावतो. तू तर त्याच हापिसात असते. तुले माहीत असन.”

प्रमिलाबाईंना माहीत होते. त्या पाराजवळ उभ्या होत्या. फरशी तापली होती.

कवठधऱ्याला त्या पोचल्या तेव्हा वस्ती अर्धी उठली होती. कुडाच्या काड्या सोडून मोळ्या बांधलेल्या. जिजाबाईची सून चिंचेच्या सावलीत बसली होती. तिच्याजवळ एक भरलेली घागर होती आणि तिने घागरीच्या तोंडावर हात ठेवला होता.

“आल्या का!” जिजाबाई म्हणाली. “घातलं का मंग आमचं नाव?”

“घातलं.”

“मी म्हणलं नवतं?” ती सुनेकडे वळली. “बाई घालते म्हणली तर घालन.” मग पुन्हा प्रमिलाबाईंकडे. “आता पाहा, कुलूप लावलं त्याइनं. नाल्यातलं पानी गढूळ, पोट्ट्यायचं पोट बिघडून राह्यलं. सुनेले इथं ठेवनं बरं नाई. जिथं काम भेटन तिथं जातो. पन कागदात नाव गेलं ना, मंग बोरिंग येईनच. हल्लू येते सरकारी काम, येते पन. आली की निरोप धाडजा. आमी वापस येऊ.”

निरोप कुठे धाडायचा, हे प्रमिलाबाईंनी विचारले नाही. विचारले असते तर पुढचे सगळे सांगावे लागले असते. त्यांनी मोळी उचलून डोक्यावर द्यायला हात लावला, आणि जिजाबाई म्हणाली, राहू द्या, तुमच्या हातावर शाई हाय.

*

पुढच्या वर्षीचे पान निर्दोष होते. मांडवखेडीच्या हातपंपासमोर बिघाडाच्या रकान्यात शून्य होते, ठिपका हिरवा झाला होता. कवठधऱ्याची जागा पांढरी होती आणि आता ते पूर्णपणे खरे होते. मागच्या वर्षी पान चुकीचे होते. वर्षभरात जग दुरुस्त होऊन पानाशी जुळले होते. चौकटीतील तिन्ही ओळी रिकाम्या राहिल्या. वरून शेरा आला: उत्कृष्ट.

प्रमिलाबाईंनी ते काम सोडले नाही. त्यांना ओळखणाऱ्या काहींना याचे नवल वाटे. वैद्यसाहेब बढतीवर गेले, नवे आले, आणि प्रत्येकाला पान हवे होते. फरक पडला तो एवढाच, की चौकटीत ओळ लिहिताना त्या ती आधी कोण्या अनोळखी माणसाकडून मोठ्याने वाचून घेऊ लागल्या. कार्यालयाशी संबंध नसलेला माणूस लागे. कधी पोस्टमन, कधी चहावाला, कधी दाखल्यासाठी आलेला शेतकरी. “वाचा,” त्या म्हणत, “आणि हे वाचून तुम्ही काय कराल ते सांगा.” लोकांना ती बाईंची लहर वाटे. अनेकदा ओळ बदलली जाई. त्यातून कोणाचे काय टळले याची नोंद असण्याचे कारण नाही. जे घडले नाही त्याला रकाना नसतो.

मांडवखेडीला त्यांचे जाणे कमी झाले. एकदा मामीच वर्ध्याला दवाखान्यासाठी आली असता सहज म्हणाली, “रिठीवर आता दिवे नाई दिसत बाप्पा. धूर बी नाई. भुतं गेली वाटते.”

प्रमिलाबाईंनी ऐकून घेतले आणि मामीला पाणी दिले.

नकाशाचा मूळ ट्रेसिंग दर काही वर्षांनी झिजे, मग तो नव्याने उतरवावा लागे. सत्त्याऐंशीच्या एप्रिलमध्ये असा नवा ट्रेसिंग तयार झाला तेव्हा चंद्रभानजी आकडे पडताळण्यासाठी तो घेऊन खिडकीशी गेले. त्यांची दृष्टी मंदावली होती; कागद उजेडावर धरल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. एका जागी त्यांचे बोट अडले.

“बाई, इथं भोक पडलंय. सेलूकडं. कर्कटकाचं टोक लागलं का?”

“हो.”

“जुन्या ट्रेसिंगलाही होतं. याच जागी.”

प्रमिलाबाई ठिपक्यांसाठी हिरवा रंग कालवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“प्रतीत काही दिसत नाही म्हणा,” चंद्रभानजी म्हणाले. “तिथं कागद पांढराच राहतो.”

“नाही दिसत,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

चंद्रभानजींनी कागद खाली घेतला नाही. बाहेर ऊन चढले होते. ठिपक्या-ठिपक्यांच्या त्या सगळ्या जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी एकाच ठिकाणी उजेड होता, सुईच्या अग्राएवढा, आणि कागद त्यांच्या हातात हलला की तो लुकलुकत होता.